उंचीवरच्या कामाची सुरक्षा-सूचना मराठी आज्ञांमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोड, खारघर, उलवे, तळोजा या पट्ट्यातले सेफ्टी सुपरवायझर, साइट इंजिनिअर आणि मुकादम जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरक्षेचे विषय अनेक असले तरी या पानावर फक्त उंचीवरचं काम, म्हणजे परांची, स्लॅबची कड, बेल्ट आणि हुक एवढंच घेतलं आहे. खोदकाम, वीज आणि क्रेन यांची भाषा वेगळी आहे, ती इथे मिसळलेली नाही.

१. टूलबॉक्स टॉकचा कागद इंग्रजीत येतो. तो सगळा मराठीत करायचा का?

नाही. त्या कागदात तीन प्रकारचा मजकूर असतो. पहिला कंपनीचं धोरण आणि कायद्याचा उल्लेख, दुसरा सुपरवायझरने करायची कामं, आणि तिसरा कामगाराने स्वतःच्या हाताने करायच्या कृती. सकाळी कामगारांसमोर बोलायचा तो फक्त तिसरा. परांचीची तपासणी नोंदवहीत लिहिणं हे सुपरवायझरचं काम, ते गवंड्याला ऐकवून उपयोग नाही. कागदावर पेन्सिलने प्रत्येक वाक्यासमोर ‘हे कोणी करायचं?’ याचं उत्तर लिहा. ‘कामगाराने’ असं उत्तर आलेली वाक्यं वेगळी काढली की दोन पानांची बहुधा आठ-दहा वाक्यं उरतात. खरं काम तिथून सुरू होतं.

२. आमच्याकडे निम्मे लोक बिहार-झारखंड-मालद्याचे आहेत. मग मराठीचा उपयोग कोणाला?

उरलेल्या निम्म्यांना. बीड, जालना, परभणी, नांदेड, बुलढाणा, यवतमाळकडून आलेल्या टोळ्यांना हिंदी ‘येते’ असं आपण धरून चालतो. बाजारहाटाला ती पुरते, पण परांचीवर पाऊल टाकताना माणूस आपल्या भाषेत विचार करतो. हिंदी भाषकांना हिंदीतच सांगा, त्यांच्यावर मराठी लादू नका. तेलंगणाच्या किंवा कलबुर्गीच्या टोळीसाठी त्यांच्यातलाच बोलका माणूस शोधा. तांड्यावरून आलेल्या लमाणी कुटुंबांतल्या बायकांना मराठी किती कळतं हे विचारून ठरवा, गृहीत धरू नका. पुरुषांना कळतं म्हणून त्यांनाही कळतं, असं नेहमी नसतं.

एक गोष्ट मात्र सगळ्या भाषांना सारखी हवी, ती म्हणजे धोक्याची हाक. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

३. परिच्छेदाची आज्ञा करायची म्हणजे नक्की काय करायचं? एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा.

इंग्रजी कागदात हमखास असणारं एक वाक्य घेऊ. त्याचा सरळ अर्थ असा: ‘दोन मीटरपेक्षा अधिक उंचीवर काम करणाऱ्या सर्व व्यक्तींनी दुहेरी दोरीचा फुल बॉडी हार्नेस वापरण्यापूर्वी तपासून परिधान करावा, पुरेशा क्षमतेच्या आधाराला तो जोडावा आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना तो सतत जोडलेला राहील याची खात्री करावी.’

वाचताना हे एक वाक्य वाटतं, पण त्यात चार कामं आहेत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी करायची आहेत. म्हणून आधी ती कामं घडतात त्या क्रमाने मांडा: जमिनीवर काय, वर पोचल्यावर काय, सरकताना काय.

जमिनीवर तपासणी येते. ‘तपासा’ ही आज्ञा नव्हे, कारण काय बघायचं हे त्यात नाही. कामगाराला पट्टा, शिलाई आणि हुक बघायचे असतात. म्हणून:

*पट्टा बघा. शिलाई बघा. हुक दाबून सोडा, आपोआप मिटला पाहिजे.*
*काही फाटलंय? बेल्ट परत द्या.*

नंतर घालणं. ढिला बेल्ट पडताना मांडीत किंवा गळ्याशी सरकतो. किती घट्ट, हे सांगायला मोजपट्टी लागत नाही:

*बेल्ट घाला. मांडीचे पट्टे ओढा. सपाट हात आत जाईल, मूठ जाणार नाही, एवढे घट्ट.*

वर गेल्यावर ‘पुरेशा क्षमतेचा आधार’ येतो. आधाराची क्षमता कामगाराला डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे ही आज्ञा भाषांतर करून होणारच नाही. सेफ्टी ऑफिसरने आधाराच्या जागा ठरवून त्यांना पिवळा रंग द्यायला हवा. तो दिला की वाक्य सापडतं:

*हुक पिवळ्या खुणेलाच. सळईला नाही. परांचीच्या पाइपला नाही.*

इंग्रजी वाक्य मराठीत बसेना, तर पुष्कळदा साइटवर काहीतरी करायचं राहिलेलं असतं. अशा वेळी शब्दकोश चाळण्याआधी सेफ्टी ऑफिसरकडे जा.

शेवटी सरकणं. दुहेरी दोरीचा सगळा उपयोग इथेच आहे: एक हुक सुटा असताना दुसरा अडकलेला असतो. कामगार दोन्ही एकदम सोडून चार पावलं चालतो आणि पुढे अडकवतो. अपघात त्या चार पावलांत होतो. आज्ञा दोन:

*आधी हुक, मग पाऊल.*
*नवा अडकवा, मग जुना सोडा.*

या दोन्ही वाक्यांत ‘आधी’ आणि ‘मग’ यांचा क्रम हाताच्या क्रमाशी जुळतो. ‘जुना सोडण्यापूर्वी नवा अडकवा’ हे व्याकरणाने बरोबर आहे, पण कानावर पहिल्यांदा ‘जुना सोड’ पडतं. जे आधी करायचं ते आधी बोला.

४. ‘बेल्ट लावा’ आणि ‘हुक लावा’ यांत एवढा काय फरक? सगळे ‘बेल्ट लावा’च म्हणतात.

म्हणूनच गोंधळ होतो. ‘बेल्ट लावला का?’ असं विचारल्यावर ज्याने बेल्ट अंगात घातला आहे पण हुक कमरेला तसाच लोंबतो आहे, तोही ‘हो’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. बोलीत ‘लावणे’ दोन्ही कृतींना चालतं.

दोन कृतींना दोन क्रियापदं ठरवा आणि ती कधीही अदलाबदल करू नका: बेल्ट *घालायचा*, हुक *अडकवायचा*. सुपरवायझर, मुकादम, सेफ्टी स्टुअर्ड सगळ्यांनी हेच बोलायचं. प्रश्नही बदला: ‘बेल्ट घातला?’ आणि ‘हुक कुठे अडकवला? दाखवा.’

वस्तूंच्या नावांबाबत हट्ट धरू नका. ‘सुरक्षा पट्टा’ आणि ‘शिरस्त्राण’ हे शब्द फलकावर शोभतात, पण साइटवर कोणी बोलत नाही. बेल्ट, हुक, लाइफलाइन, हेल्मेट, स्लॅब, शटरिंग हे मराठी गवंड्याचेच शब्द आहेत. ‘परांची’ मराठवाड्यातल्या जुन्या गवंड्याला लगेच कळतं, तर मुंबईत वाढलेला पोरगा तिलाच ‘पाड’ म्हणेल. टोळीत कोणता शब्द चालतो हे मुकादमाला विचारा आणि तो एकच वापरा.

५. ‘करू नका’ अशी वाक्यं टाळा असं सांगता. धोक्याच्या ठिकाणी मनाईच तर करायची असते ना?

मनाई करा, पण एकटी नको. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘परांचीवरून उडी मारू नका’ या वाक्यात ‘नका’ हा शब्द सर्वांत शेवटी, आवाज उतरत असताना येतो. शेजारी ब्रेकर किंवा व्हायब्रेटर चालू असेल, तर कानापर्यंत पोचतं ते ‘परांचीवरून उडी’ एवढंच.

म्हणून काय करायचं ते आधी सांगा, मनाई मागून: *‘शिडीने उतरा. उडी नाही.’* तसंच ‘कठड्यावर बसू नका’ ऐवजी *‘बसायचं तर खाली या’*, ‘सामान वरून फेकू नका’ ऐवजी *‘सामान दोरीने उतरवा’*. हे नियम म्हणून नव्हे, तर प्रत्येक वाक्य मशीनच्या आवाजात एकदा ओरडून बघून ठरवा.

फलकावर ‘नये’ टाळा. ‘येथे उभे राहू नये’ यात सांगणारा नाही आणि ऐकणाराही नाही. ते वाचून माणूस पुढे जातो.

६. ‘पुरेसं’, ‘योग्य’, ‘सुरक्षित अंतर’ या शब्दांना मराठीत काय म्हणायचं?

काहीच म्हणायचं नाही. त्यांच्या जागी दिसणारी किंवा मोजता येणारी गोष्ट आणायची, आणि ती भाषांतर करणाऱ्याने नव्हे तर सेफ्टी ऑफिसरने द्यायची. हे का गंभीर आहे ते बेल्टच्याच उदाहरणाने सांगतो.

कागदात लिहिलेलं असतं, ‘पडण्यासाठी खाली पुरेशी मोकळी जागा असल्याची खात्री करा’. किती जागा? शॉक अॅब्सॉर्बर धरून दोरीची लांबी २ मीटरपर्यंत असते. माणूस पडल्यावर अॅब्सॉर्बर उसवत जातो, तो जास्तीत जास्त पावणेदोन मीटर उघडतो. पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत साधारण दीड मीटर. आणि जमिनीला पाय लागू नयेत म्हणून १ मीटर राखीव. बेरीज केली तर हुक जिथे अडकवला तिथून खाली सव्वासहा मीटर होतात.

आता आपल्याकडच्या निवासी इमारतीचा मजला धरा, उंची तीन मीटरच्या आसपास. पहिल्या स्लॅबच्या कडेला उभा माणूस पायाशी हुक अडकवतो. बेल्ट उत्तम, दोरी उत्तम, हुक मिटलेला, आणि दोरी ताणली जाण्याआधीच तो खाली आपटतो. ‘बेल्ट घातला की वाचतो’ ही समजूत पहिल्या दोन मजल्यांवर सर्वांत घातक आहे.

म्हणून आज्ञा होते *‘हुक डोक्याच्या वर. पायाशी नाही.’* आधार माणसाच्या डोक्याच्या वर गेला की पडण्याचं अंतर तेवढं कमी होतं. पण पहिल्या स्लॅबवर तेवढ्यानेही भागेलच असं नाही. तिथे आखूड दोरी, आपोआप गुंडाळला जाणारा ब्लॉक किंवा सरळ पक्का कठडा लागतो. कोणता, हे ठरवून घेतल्याशिवाय त्या मजल्यासाठी वाक्य लिहू नका. अशा वेळी सेफ्टी ऑफिसरला विचारायचा प्रश्न हा: ‘या मजल्यावर हा माणूस पडला तर त्याचे पाय कुठे येतील?’

७. मीटर लिहायचं की फूट?

बोलताना फूट. गवंडी, फिटर, सुतार फुटातच मोजतात. २ मीटर म्हणजे साडेसहा फुटांहून थोडं जास्त. पूर्णांक करताना नेहमी सुरक्षित बाजूने करा, म्हणजे इथे सहा फूट. त्याहून बरं म्हणजे शरीराचं माप: *‘डोक्याच्या वर गेलात की बेल्ट.’* यात बुटका माणूस थोडा लवकर बेल्ट घालेल, आणि ते चालेल. सहा फुटांहून उंच माणसाला मात्र फूटच सांगा.

८. तू, तुम्ही की ‘करावे’?

सकाळच्या बैठकीत ‘तुम्ही’: घाला, बघा, अडकवा. वयाने मोठ्या गवंड्याला पोरसवदा इंजिनिअरने ‘हुक लाव’ म्हटलं, तर तो हुक अडकवेल, पण पुढच्या वेळी काही शंका असली तरी विचारणार नाही. मामा, दादा, ताई, मावशी म्हणून पुढे ‘तुम्ही’ वापरलं की आज्ञा तेवढीच ठाम राहते. ‘कृपया’ मात्र नको, कारण त्याने ही विनंती आहे असं वाटतं.

‘करावे’, ‘घेण्यात यावी’, ‘परिधान करणे बंधनकारक आहे’ हे कार्यालयातलं मराठी आहे. कामगार ते वाचू शकला तरी त्याला ते आपल्याला उद्देशून आहे असं वाटत नाही.

अचानक धोका असेल तर ‘तू-तुम्ही’चा विचारच करू नका. पुढचा प्रश्न त्यासाठीच आहे.

९. वरून काही पडत असेल तेव्हा काय ओरडायचं?

‘वर बघा!’ कधीच ओरडू नका. ऐकणारा खरोखर वर बघतो, आणि हेल्मेटखालचा चेहरा उघडा पडतो. ‘सांभाळून!’ हाही निरुपयोगी, त्यात काय करायचं ते नाही.

साइटवर दोनच हाका ठरवा, सगळ्या भाषांच्या टोळ्यांसाठी त्याच. थांबायला *‘स्टॉप!’* आणि सरकायला *‘साइड!’* दोन्ही शब्द मराठी, हिंदी, बंगाली, तेलुगू बोलणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहेत, छोटे आहेत आणि लांबून ऐकू येतात. मराठीच्या आग्रहाने इथे ‘थांबा’ आणि ‘बाजूला व्हा’ आणू नका. मी मराठीचा आग्रही असलो तरी या दोन शब्दांवर माझं मत पक्कं आहे. ‘स्टॉप’ कोणीही ओरडू शकतो, नवा हेल्परसुद्धा, आणि ऐकलं की सगळ्यांनी थांबायचं, हे पहिल्याच दिवशी सांगा.

१०. ‘परवानगीशिवाय कठडा काढू नये, अपवाद वगळता…’ अशी अटींची वाक्यं कशी फोडायची?

नियम आणि अपवाद वेगवेगळ्या वाक्यांत टाका, आणि अपवादाचं वाक्य प्रश्नाने सुरू करा.

*कठडा आहे तिथेच ठेवा.*
*काढावाच लागतोय? आधी सुपरवायझर. मग हात.*
*काढला? हुक अडकवूनच काम. काम संपलं की लगेच परत बसवा.*

परत बसवण्याचं वाक्य मूळ कागदात पुष्कळदा नसतं. साहित्य वर घ्यायला कठडा काढला आणि जेवायच्या सुट्टीत तसाच राहिला, हे साइटवर नेहमीचं आहे. सेफ्टी ऑफिसरची संमती घेऊन ते वाक्य जोडा. अर्थ वाढवायचा अधिकार भाषांतर करणाऱ्याला नसला, तरी राहिलेलं दाखवून देण्याचा आहे.

११. पावसाळ्यात वेगळी वाक्यं लागतात का?

लागतात, पण थोडी. ओल्या फळ्या आणि चिखलाचे बूट यांसाठी *‘बूट पुसा, मग चढा’*. विजा चमकत असतील किंवा जोराचा वारा असेल तर *‘काम सोडा, खाली या’*. वारा किती झाला म्हणजे थांबायचं हा आकडा साइटचा असतो. कामगाराला तो सांगू नका, थांबवायची जबाबदारी सुपरवायझरवर ठेवा.

१२. कामगारांना समजलं की नाही हे कसं ओळखायचं?

‘समजलं का?’ विचारू नका. उत्तर ‘हो साहेब’ असंच येतं. नवा माणूस चारचौघांत ‘नाही’ म्हणत नाही. त्याला करून दाखवायला सांगा. बैठकीत एकाला पुढे बोलवा, जमिनीपासून फूटभर उंचीवर एक लाइफलाइन बांधून ठेवा, आणि ‘या टोकापासून त्या टोकाला चला’ एवढंच म्हणा. मधला खांब ओलांडताना त्याने नवा हुक अडकवून मग जुना सोडला, तर वाक्य पोचलं. दोन्ही एकदम सोडले, तर दोष त्याचा आहे असं धरण्याआधी आपलं वाक्य पुन्हा तपासा.

लिहिलेल्या मजकुराची चाचणी वेगळी. इंग्रजी कागद न बघितलेल्या माणसाला मराठी आज्ञा वाचायला द्या आणि तो काय करेल हे त्याच्या शब्दांत सांगायला लावा. त्याचं सांगणं मूळ कागदाशी जुळवून बघा. ‘हुक वर अडकवा’ याचा अर्थ ‘वर गेल्यावर अडकवा’ असा एकाने जरी घेतला, तरी ते वाक्य बाद. त्याऐवजी ‘हुक डोक्याच्या वर’.

१३. मराठी मजकूर मूळच्या पाव हिश्शावर आला. ऑडिटला हा पूर्ण अनुवाद नाही असं म्हणतील का?

इंग्रजी कागद नोंदीसाठी जसाच्या तसा ठेवा, तो रद्द होत नाही. मराठी आज्ञांना क्रमांक द्या आणि प्रत्येक आज्ञा मूळच्या कोणत्या वाक्यावरून आली ते समोर लिहा. जी वाक्यं गाळली ती का गाळली (‘सुपरवायझरचं काम’) हेही लिहा. त्या तक्त्यावर सेफ्टी ऑफिसरची सही घ्या. तपासणीला येणाऱ्याला मग एकही जबाबदारी हरवलेली दिसत नाही.

फलक करणार असाल तर त्यावर तीनच आज्ञा आणि चित्र ठेवा, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मात्र मोबाइलच्या बटणांवर दिसतो त्याच आकड्यांत लिहा.

१४. पडलेला माणूस बेल्टला लटकून राहिला तर? याबद्दल कागदात ‘बचाव योजना अमलात आणावी’ एवढंच आहे.

हे वाक्य तसंच भाषांतर केलं तर त्या क्षणी कोणाच्याही उपयोगाचं नाही. बेल्टने माणूस वाचला तरी लटकत राहिल्यावर मांडीच्या पट्ट्यांनी पायातलं रक्त वर येईनासं होतं आणि थोड्या मिनिटांत तो बेशुद्ध पडू शकतो. म्हणून इथे तीन वेगवेगळ्या माणसांसाठी तीन आज्ञा लागतात.

लटकलेल्याला, वरून ओरडून: *पाय हलवत राहा!*
जवळच्याला: *स्टॉप ओरडा. एकट्याने ओढू नका. तुमचा हुक सोडू नका.*
सुपरवायझरला: *बचावाची टोळी बोलवा. १०८ लावा. गेटवर माणूस उभा करा.*

मदतीला धावलेला माणूस स्वतःचा हुक सोडून वाकतो आणि दुसरा अपघात होतो, म्हणून मधली आज्ञा सर्वांत जास्त वेळा बोलून घ्या. इथे ‘सोडू नका’ ही मनाई आहे, प्रश्न ५ च्या विरुद्ध. तिची चाचणी घेतली तर ‘हुक राहू द्या’ पेक्षा ‘सोडू नका’ लोकांना पटकन कळतं, म्हणून ती तशीच ठेवली आहे.

आणि तो माणूस सुखरूप उतरल्यावर: *हा बेल्ट बाजूला. पुन्हा वापरायचा नाही.* एकदा झटका घेतलेला अॅब्सॉर्बर दुसऱ्यांदा वाचवत नाही, पण धुऊन टांगलेला बेल्ट दुसऱ्या दिवशी कोणी तरी उचलतोच. म्हणून तो सेफ्टी ऑफिसरच्या समोर कापून टाका.